घरातील दिव्यांग व आजारी माणसांसाठी करवजावट : कागद कोणते, फायदा किती?

विवरणपत्राचे दिवस जवळ आले की दुर्गदबैल परिसरातील आपले दुकानदार बांधव एक प्रश्न हमखास विचारतात : घरात दिव्यांग भाऊ आहे, आईचे डायलिसिस चालू आहे, तर करात काही सूट मिळते का? मिळते. पण ती कोणाला आणि कोणत्या कागदावर मिळते, हे आम्हाला येथे सविस्तर मांडावेसे वाटते.

या वजावटी दोन आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली कलम ८०डीडीची, दिव्यांग अवलंबितासाठी. पती-पत्नी, मुले, आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी जो मुख्यत्वे आपल्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ती मिळते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपये. ही रक्कम ठरलेली आहे. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी तेवढीच वजावट मिळते. मात्र त्या व्यक्तीने स्वतःच्या विवरणपत्रात कलम ८०यू खाली सूट घेतलेली नसावी.

दुसरी कलम ८०डीडीबीची, ठरावीक गंभीर आजारांसाठी : कर्करोग, मूत्रपिंड कायमचे निकामी होणे, थॅलेसिमिया, हिमोफिलिया, पार्किन्सनसारखे काही मेंदूविकार. येथे प्रत्यक्ष खर्च पाहिला जातो. मर्यादा ४०,००० रुपये. रुग्ण ६० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर १,००,००० रुपये. हृदयविकार आणि मधुमेह या यादीत नाहीत.

आता कागद. भावाला सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा एकाहून अधिक प्रकारचे दिव्यांगत्व असेल, तर प्रमाणपत्र फॉर्म १०-आयए मध्येच लागते. ते न्यूरॉलॉजिस्ट किंवा सरकारी रुग्णालयाचे सिव्हिल सर्जन देतात, आणि त्याची नोंद आयकर पोर्टलवर विवरणपत्राच्या आधी करावी लागते. इतर दिव्यांगत्वासाठी सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्यांचे टक्केवारीचे प्रमाणपत्र चालते. प्रमाणपत्रावर मुदत लिहिली आहे का, हे जरूर पाहावे. ते ज्या आर्थिक वर्षात संपते त्या वर्षापुरती वजावट मिळते. पुढच्या वर्षासाठी नवे प्रमाणपत्र हवे.

आजाराच्या वजावटीला वेगळा फॉर्म आता लागत नाही, तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी पुरते. डायलिसिससाठी ती नेफ्रॉलॉजिस्ट किंवा यूरॉलॉजिस्टची हवी. घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांची चालत नाही. किम्ससारख्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू असतील, तर तेथील पूर्णवेळ, मेडिसिनमधील पदव्युत्तर डॉक्टरांची चिठ्ठी ग्राह्य धरतात. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव व वय, आजाराचे नाव, डॉक्टरांचे नाव, पत्ता, पात्रता व नोंदणी क्रमांक असावा. सरकारी रुग्णालयाचे नाव-पत्ताही असावा.

एक उदाहरण घेऊ. २०२५-२६ या वर्षात एका दुकानदाराचे उत्पन्न १६ लाख. भावाला ८० टक्क्यांवर सेरेब्रल पाल्सी. आई ६८ वर्षांची. तिच्या डायलिसिसवर १,४०,००० खर्च झाले, त्यातले ६०,००० विमा कंपनीने दिले. पुष्कळांना वाटते की ८०,००० वजा होतील. तसे नाही. आधी मर्यादेने १,००,००० धरायचे आणि त्यातून विम्याचे ६०,००० वजा करायचे. उरतात ४०,०००. भावाचे १,२५,००० धरून या दोन वजावटी १,६५,००० होतात.

पण या वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत आहेत. नव्या प्रणालीत १६ लाखांवर कर १,२०,००० होतो (उपकर वेगळा). जुन्या प्रणालीत तेवढाच कर यायला एकूण ५,७५,००० ची वजावट लागते. या दुकानदाराच्या ८०सीचे १,५०,०००, गृहकर्जाच्या व्याजाचे २,००,००० आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यांचे ७५,००० धरले तर बेरीज ५,९०,००० होते आणि कर १,१५,५०० येतो. म्हणजे वाचले अवघे ४,५०० रुपये. आणि भावाचे प्रमाणपत्र वेळेत नसेल, तर जुन्या प्रणालीत कर १,५३,००० होतो. मग नवीच परवडते.

उत्पन्न १२ लाखांपर्यंत असणाऱ्यांना नव्या प्रणालीत करच नाही, त्यांना या कागदांचा करापुरता उपयोग नाही. गृहकर्ज नसलेल्या मध्यम दुकानदारालाही ही सूट बहुधा हाती लागत नाही. आजारी माणसाचा भार वाहणाऱ्या घरांसाठी केलेली तरतूद कायद्यात आहे, पण कर्ज आणि गुंतवणूक मोठी असलेल्यांनाच ती उपयोगी पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्या प्रणालीतही निदान दिव्यांगांची वजावट ठेवायला हवी होती.

व्यापाऱ्यांनी आणखी एक सांभाळावे. जुनी प्रणाली निवडायला फॉर्म १०-आयईए मुदतीच्या आत भरावा लागतो. नोकरदार दरवर्षी प्रणाली बदलू शकतो. धंद्याचे उत्पन्न असणारा मात्र एकदा नव्या प्रणालीत परतला की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत येऊ शकत नाही. म्हणून यंदाचे ४,५०० पाहून निर्णय घेऊ नये. गृहकर्जाचे व्याज पुढे किती वर्षे राहील, याचा हिशोब आपल्या कर सल्लागाराकडून आधी मांडून घ्यावा.