सेन्सेक्स पाच अंकांनी हलला, मग आरडाओरडा कसला?

बजेटच्या दिवशी ऑफिसात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, ज्यांना फक्त 'आपला टॅक्स किती वाचला?' एवढंच कळायला हवं असतं. दुसरी, जी मॉनिटरच्या कोपऱ्यात सेन्सेक्सची छोटी खिडकी उघडून बसतात आणि दर पाच मिनिटांनी 'गेला रे!' किंवा 'आला रे!' ओरडतात. 1 फेब्रुवारी 2025 ला मात्र या दुसऱ्या मंडळींची पंचाईत झाली. शनिवार असूनही बाजार खास बजेटसाठी उघडा ठेवला होता, आणि दिवसभराच्या धुमश्चक्रीनंतर सेन्सेक्स वाढला किती? अवघा 5 अंक. 77,505 वर बंद. निफ्टी तर 26 अंकांनी खालीच.

म्हणजे काहीच घडलं नाही? अहो, भरपूर घडलं. एका टोकाला तुफान खरेदी आणि दुसऱ्या टोकाला तुफान विक्री चालू होती, दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास आली इतकंच. म्हणून माझा साधा फंडा आहे. बजेटच्या दिवशी सेन्सेक्स बघू नका, सेक्टर बघा.

आधी खरेदीवाली बाजू बघू. निर्मला सीतारामन यांचं भाषण सकाळी 11 ला सुरू झालं. बजेटच्या भाषणात टॅक्सचा भाग शेवटी असतो, त्यामुळे खरा बॉम्ब तासाभरानंतर पडला. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य. पगारदारांसाठी 75 हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरलं तर 12 लाख 75 हजारांपर्यंत. त्याआधीच्या वर्षी 12 लाखांच्या करपात्र उत्पन्नावर सेस सोडून 80 हजार टॅक्स बसत होता. तो वाचला, म्हणजे महिन्याला साधारण साडेसहा हजार रुपये हातात जास्त. आता हे पैसे कुठे जाणार? नव्या फोनचा ईएमआय, वीकेंडचं हॉटेल, चारचाकीचं डाउन पेमेंट. बाजाराने हेच गणित काही मिनिटांत मांडलं. मारुती उसळली, झुडिओ चालवणारी ट्रेंट उसळली, झोमॅटो उसळला, साबण-बिस्किटं विकणाऱ्या कंपन्याही वधारल्या. घरं बांधणाऱ्यांचे शेअरही वर गेले.

यातली एक गंमत लक्षात घ्या. बजेटने साबणावरचा किंवा बिस्किटावरचा कर एका पैशानेही कमी केला नव्हता. तो जीएसटी आहे, आणि 2017 पासून त्याचे दर जीएसटी कौन्सिल ठरवते. त्यामुळे माल स्वस्त होण्याचा प्रश्नच नव्हता. बाजाराने पैज लावली ती ग्राहकाच्या खिशावर.

आता दुसरं टोक. त्याच तासात लार्सन अँड टुब्रो, रेल्वेची कामं करणाऱ्या आरव्हीएनएल आणि इरकॉन यांचे शेअर घसरत होते. का? पायाभूत सुविधांवर सरकार नाराज झालं होतं का? अजिबात नाही. 2025-26 साठी भांडवली खर्चाचा, म्हणजे रस्ते, रूळ, पूल वगैरेंचा आकडा होता 11.21 लाख कोटी रुपये. आदल्या बजेटमधला आकडा 11.11 लाख कोटी. म्हणजे वाढ झाली, पण एका टक्क्याहूनही कमी. त्याआधी काही वर्षं हा आकडा धडाधड वाढत होता आणि बाजाराला त्याची सवय लागली होती. शेअरच्या भावात तशीच मोठी वाढ आधीच धरलेली होती. रेल्वेचं तर 2.52 लाख कोटींवर घोडं अडलं, मागच्याइतकंच.

हे पगारवाढीसारखं आहे. तुम्ही 15 टक्के धरून मनातल्या मनात बाइक बुक केली आणि हातात आली 1 टक्का. पगार वाढलाच ना? वाढला. पण चेहरा पडला तो पडलाच.

याच आकड्याची दुसरी बाजू टीव्हीच्या पट्टीवर दिसत नाही. बजेटच्या कागदांत प्रत्येक खर्चापुढे 'सुधारित अंदाज' असा एक रकाना असतो. चालू वर्षात प्रत्यक्षात किती खर्च होईल, याचा तो ताजा हिशेब. 2024-25 मध्ये 11.11 लाख कोटी ठरवले होते, पण निवडणुकीच्या वर्षात कामं रेंगाळली आणि सुधारित अंदाज आला 10.18 लाख कोटी. त्याच्याशी तुलना केली तर 11.21 ही चक्क 10 टक्के वाढ आहे. आकडा एकच, पण एक तुलना निराश करते आणि दुसरी दिलासा देते. विकणाऱ्यांनी पहिली तुलना धरली. पण दुसरीतही एक काटा आहेच. आदल्या वर्षी ठरवलेले 93 हजार कोटी खर्चच झाले नाहीत, तर 2025-26 चे होतील हे कशावरून?

आणि बँका? त्या दिवशी बँकांचा निर्देशांक फारसा हललाच नाही, आणि त्याला कारण आहे. बँकांसाठी बजेटमधली महत्त्वाची ओळ म्हणजे सरकार किती कर्ज काढणार ही. टॅक्समाफीत सरकारने साधारण 1 लाख कोटींवर पाणी सोडलं होतं, तरी वित्तीय तूट जीडीपीच्या 4.4 टक्के ठेवायचं ठरवलं. बाजारातून एकूण कर्ज 14.82 लाख कोटी. बँकांच्या तिजोरीत सरकारी रोख्यांचा मोठा साठा असतो. सरकारने अपेक्षेपेक्षा जास्त कर्ज काढलं की रोख्यांवरचं व्याज चढतं, जुन्या रोख्यांची किंमत उतरते आणि बँकांना फटका बसतो. पण शनिवारी रोख्यांचा बाजार बंद होता! म्हणजे बँकांना ज्या काट्यावर तोलायचं, तो काटाच कुलपात. शिवाय सगळ्यांचे डोळे लागले होते 7 फेब्रुवारीच्या रिझर्व्ह बँकेच्या बैठकीकडे. तिथे रेपो दर पाव टक्क्याने कमी झालाही.

बँका बजेटच्या दिवशी कधीच नाचत नाहीत असं मात्र नाही. 1 फेब्रुवारी 2021 ला दोन सरकारी बँकांच्या खासगीकरणाची आणि बुडीत कर्जं वेगळी काढण्याची घोषणा झाली. त्या दिवशी सेन्सेक्स 2,300 अंकांनी आणि बँक निफ्टी 8 टक्क्यांहून जास्त उडाला. त्या दोन बँकांचं खासगीकरण पुढच्या चार वर्षांतही झालं नाही, हा भाग वेगळा.

एका दिवसाच्या उड्या किती टिकतात, तेही बघून ठेवा. परदेशी गुंतवणूकदारांची विक्री आणि ट्रम्प यांच्या टॅरिफची भीती यात 28 फेब्रुवारी 2025 ला सेन्सेक्स 73,198 वर येऊन थांबला. टॅक्समाफी जशीच्या तशी होती, शेअर मात्र खाली.

तेव्हा पुढच्या बजेटला भाषण संपलं की लगेच 'बाय' दाबू नका. indiabudget.gov.in वर कागद येतात. भांडवली खर्चाचा आकडा आणि त्याशेजारचा सुधारित अंदाज, दोन्ही वाचा. मग तुमच्या शेअरचा आधीच्या महिन्याभराचा भाव बघा. तो आधीच बराच चढला असेल, तर चांगली बातमी त्यात कधीच विकली गेलेली असते. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यात शेजारच्या डेस्कवरून दोनदा 'आला रे!' आणि एकदा 'गेला रे!' ऐकू येईल. येऊ द्या.