विश्लेषण : पेनल्टी अडवली, तरी ती पुन्हा का घ्यायला लावतात? शूटआऊटचे नियम काय?

१८ डिसेंबर २०२२. लुसेल स्टेडियममध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि निकाल शूटआऊटवर गेला. अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझने किंग्सले कोमानची किक अडवली. कोमानने किक मारली त्या क्षणी त्याचे दोन्ही पाय गोलरेषेच्या पुढे असते, तर कोमानला पुन्हा संधी मिळाली असती.

किकचा क्रम कोण ठरवतं?

कोणत्या गोलवर किक घ्यायच्या, यासाठी एक नाणेफेक होते. दुसरी नाणेफेक जिंकणारा संघ आधी किक मारायची की नंतर, हे ठरवतो. खेळाडूंचा क्रम संघ स्वतः ठरवतो आणि तो रेफ्रींना आधी कळवावा लागत नाही. मात्र जादा वेळ संपताना जे खेळात होते, तेच किक घेऊ शकतात. सर्वांची एकेक किक झाल्याशिवाय कोणालाही दुसरी मिळत नाही.

दोन्ही संघांना पाच-पाच किक असतात, पण निकाल स्पष्ट झाला की शूटआऊट तिथेच थांबतं. लुसेलमध्ये फ्रान्सकडून एम्बापे आणि कोलो मुआनी यांनी गोल केले, कोमानची किक अडली आणि चुआमेनीची बाहेर गेली. अर्जेंटिनाचे मेस्सी, डिबाला, परेडेस आणि मोंटिएल हे चौघेही यशस्वी झाले. ४-२ अशी स्थिती असताना फ्रान्सची एकच किक उरली होती, म्हणजे त्यांचे जास्तीत जास्त तीन गोल झाले असते. त्यामुळे पाचवी किक झालीच नाही. सर्वोत्तम खेळाडू पाचव्या क्रमांकावर ठेवण्यातला धोका हाच. २०१२च्या युरो उपांत्य सामन्यात स्पेनविरुद्ध रोनाल्डोची पाळी येण्याआधीच पोर्तुगाल हरला होता.

गोलकीपर किती हलू शकतो?

गोलरेषेवर डावी-उजवीकडे हलायला, उड्या मारायला मुभा आहे. पण चेंडूला पाय लागतो त्या क्षणी गोलकीपरच्या किमान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेच्या मागे असावा लागतो.

हा नियम मोडला तर पुढे काय, हे किकच्या निकालावर ठरतं. गोल झाला तर तो कायम राहतो. किक अडवली असेल तर ती पुन्हा घेतली जाते. चेंडू बाहेर गेला किंवा खांबाला लागून परतला, तर गोलकीपरच्या हालचालीचा किक मारणाऱ्यावर स्पष्ट परिणाम झाला असेल तरच पुन्हा संधी मिळते. पहिल्या चुकीला ताकीद, त्यानंतर पिवळं कार्ड.

लक्ष विचलित केलं तर?

चुआमेनीच्या किकआधी मार्टिनेझने चेंडू दूर फेकला होता. २०२३पासून नियमात स्पष्ट लिहिलं गेलं की, गोलकीपरने किकला उशीर करून किंवा खांब, क्रॉसबार, जाळी यांना हात लावून किक मारणाऱ्याचं लक्ष विचलित करू नये.

पण सामन्यातलं पिवळं कार्ड शूटआऊटमध्ये मोजलं जात नाही. एप्रिल २०२४मध्ये लीलविरुद्ध ॲस्टन व्हिलाकडून खेळताना मार्टिनेझला सामन्यात एक आणि शूटआऊटमध्ये एक पिवळं कार्ड मिळालं. तरीही तो मैदानात राहिला आणि व्हिला जिंकला.