दुहेरी रेघ हरवली तर

कन्नडसारख्या तालुक्याच्या गावात बारावीच्या जीवशास्त्राचा अभ्यास आता निम्मा मोबाइलवर चालतो. सर पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, मुले तो झूम करून वाचतात. ज्याला दिसत नाही त्याचे मात्र अडते. परिच्छेद असेल तर कोणी वाचून दाखवते किंवा फोनच तो बोलतो. पण आनुवंशिकतेच्या धड्यात अर्धे काम आकृत्यांचे असते. कोणाला कोणता जनुक मिळेल हे दाखवणारा पनेटचा चौकोन असतो, आणि घराण्यात आजार कसा उतरला हे दाखवणारा वंशावळीचा तक्ता असतो. या आकृत्या कोणीतरी शब्दांत लिहून द्याव्या लागतात आणि बहुतेक वेळा त्या घाईत लिहिल्या जातात. घाईत काय सुटते, हे सिकलसेलच्या उदाहरणावरून नीट कळते.

कन्नडचा घाट उतरला की खानदेश लागतो आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला नंदुरबार. तिथल्या सातपुड्यातल्या आदिवासी गावांत आणि पूर्वेला विदर्भात हा आजार डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. दोन्ही जनुके निरोगी असतील तर AA, एक सदोष असेल तर AS म्हणजे वाहक, दोन्ही सदोष असतील तर SS म्हणजे आजारी, इतके शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते.

पनेटचा चौकोन त्यातल्या त्यात सोपा, कारण जनुकांच्या जोड्या चित्रातच छापलेल्या असतात. आई-वडील दोघेही AS असतील तर वर A आणि S, डावीकडे A आणि S, आणि आत चार घरे: AA, AS, AS, SS. फोटोवरून उतरवताना फोन S च्या जागी 5 वाचतो. रंगांधत्वाच्या किंवा हिमोफिलियाच्या चौकोनात तर X च्या डोक्यावरचे छोटे अक्षर मोठे होऊन खाली येते आणि वाहक बाई कागदावर निरोगी होऊन बसते. म्हणून ‘एचचे मोठे अक्षर’, ‘एचचे लहान अक्षर’ असे शब्दांत लिहिलेले बरे. याहून मोठी चूक शेवटच्या वाक्यात होते. ‘चार मुलांपैकी एक आजारी’ असे लिहिले जाते. ही चार घरे म्हणजे चार मुले नव्हेत. प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता १/४ असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही, आणि असा समज घरात शिरला की तो काढणे अवघड जाते.

वंशावळीचे प्रकरण वेगळे आहे. तिथे चित्रात जनुके नसतातच. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, भरलेली आकृती म्हणजे आजारी, रिकामी म्हणजे निरोगी, आडवी रेघ म्हणजे लग्न, आणि दुहेरी आडवी रेघ म्हणजे नात्यातले लग्न. पिढ्यांना रोमन आकडे असतात. जनुके आणि शक्यता आपण यावरून काढायच्या असतात. त्यामुळे मजकुरात ‘चित्रात काय दिसते’ आणि ‘त्यावरून काय निघते’ हे दोन भाग वेगळेच ठेवले पाहिजेत. परीक्षेसाठी लिहून देताना पहिल्या भागावर थांबायचे, कारण दुसरा भाग म्हणजे उत्तर असते. एकत्र लिहिले तर विद्यार्थ्याला एक तर उत्तर फुकट मिळते, नाहीतर लिहिणाऱ्याची चूक चित्र म्हणून त्याच्या गळ्यात पडते.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे, म्हणून तसाच एक तक्ता घेऊ. आजी-आजोबांना एक मुलगी आणि एक मुलगा. मुलीला दोन मुलगे, त्यांतला थोरला आजारी. धाकट्याचे लग्न मामाच्या मुलीशी झाले आहे आणि त्यांचे मूल अजून जन्मायचे आहे. पहिला भाग असा लिहिता येईल:

```
एकूण आकृत्या 10, भरलेली 1, दुहेरी रेघ 1
I-1 पुरुष, I-2 स्त्री: पती-पत्नी. मुले II-2, II-3
II-1 पुरुष, II-2 स्त्री: पती-पत्नी. मुले III-1, III-2
II-3 पुरुष, II-4 स्त्री: पती-पत्नी. मुलगी III-3
III-1 पुरुष: भरलेला चौकोन (आजारी)
III-2 पुरुष, III-3 स्त्री: पती-पत्नी, दुहेरी रेघ
IV-1: प्रश्नचिन्ह
```

आता दुसरा भाग. थोरला SS आहे, म्हणजे त्याला दोन्हीकडून S मिळाला. आई-वडील निरोगी दिसत असले तरी दोघेही नक्की AS. धाकटा वाहक असण्याची शक्यता किती? इथे पुष्कळ जण चौकोनात पाहून १/२ लिहून मोकळे होतात. पण धाकटा निरोगी आहे हे चित्रातच दिसते, म्हणजे SS चे घर बाद झाले. उरली तीन घरे, त्यांतली दोन AS. म्हणून उत्तर २/३.

मामाच्या मुलीकडचा हिशेब आजी-आजोबांपासून धरावा लागतो. आईला S त्या दोघांपैकी एकाकडून आला. दुसऱ्याकडे तो नाही असे धरले तर मामा वाहक असण्याची शक्यता १/२. मामीकडे S नाही असे धरले तर मामाच्या मुलीची १/४. दोघेही वाहक निघाले तर मूल SS होण्याची शक्यता १/४. तिन्हींचा गुणाकार, २/३ गुणिले १/४ गुणिले १/४, म्हणजे १/२४. धरलेल्या दोन्ही गोष्टी मजकुरात लिहायच्याच, नाहीतर १/२४ हा आकडा आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

आता समजा, पानाच्या घडीच्या सावलीत ती दुहेरी रेघ एकेरी दिसली आणि सुनेला आजी-आजोबांशी जोडणारी रेघही गेली. मग ती बाहेरून आलेली मुलगी ठरते. पुस्तकी गणितात बाहेरून आलेल्या माणसाकडे S नाही असे धरायची पद्धत आहे, आणि उत्तर १/२४ ऐवजी शून्य येते. कोणी खोटे लिहिलेले नसते. एक रेघ तेवढी दिसलेली नसते. झेरॉक्सवरून फोटो काढला तर उलटेही घडते. रिकामे वर्तुळ काळे पडते आणि निरोगी बाई आजारी ठरते. वाहक दाखवणारा बारीक ठिपका तर पहिल्याच झेरॉक्सला जातो.

म्हणून वर पहिल्याच ओळीत आकृत्यांची मोजदाद दिली आहे. मूळ पान उजेडात सपाट धरून दहा आकृत्या, एक भरलेली, एक दुहेरी रेघ हे मोजायला अर्धा मिनिट लागतो. पक्की परीक्षा हवी असेल तर ज्याने पान पाहिलेले नाही अशा माणसाला फक्त मजकूर वाचून दाखवावा आणि तक्ता काढायला सांगावा. तो जिथे अडखळेल तिथे मजकूर अपुरा आहे असे समजावे. हा त्रास शिक्षकांनी एकदा घ्यावा; चांगला लिहिलेला तक्ता पुढच्या वर्षीच्या मुलांनाही पुरतो.

पुस्तकातली ही गणिते घरात येऊ लागली आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात तपासणी झालेल्यांना आपली जनुकीय स्थिती सांगणारे कार्ड मिळते. वरच्या तक्त्यातल्या धाकट्याच्या कार्डावर AS आले तर २/३ च्या जागी १ लिहायचा आणि १/२४ चे १/१६ होते. AA आले तर बाळाला आजाराची भीती राहत नाही. मात्र ही नोंद नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीवरून करू नये. त्या चाचणीत S आहे एवढेच कळते, तो एक आहे की दोन हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा अहवाल लागतो.