बाटली बदलली, प्रमाणपत्र तेच

एनएबीएचचे पदाधिकारी आणि परीक्षक यांस,


मी एका रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. तुमची टीम येणार म्हटलं की आमच्याकडे फायली बाहेर निघतात. प्रशिक्षणाचं वार्षिक वेळापत्रक, हजेरीपट, प्रशिक्षणाआधीची आणि नंतरची चाचणी, प्रत्येक सिस्टरच्या वैयक्तिक फाइलमधलं प्रमाणपत्र. तुम्ही हेच मागता, आणि मागायलाच हवं. पण एक प्रसंग सांगते.

आमच्या एका वॉर्डात रक्त सांडलं. ड्युटीवरच्या सिस्टरने ग्लोव्हज घातले, शोषक कागद टाकला, वरून हायपो ओतलं, दहा मिनिटं थांबली. पायऱ्या सगळ्या बरोबर. मी सहज विचारलं, "हायपो कसं बनवलंस?" म्हणाली, "ताई, एकास नऊ. शंभर मिली हायपो, नऊशे मिली पाणी."

बाटली हातात घेतली तर लेबलवर पाच टक्के लिहिलेलं. आमचं प्रशिक्षण झालं तेव्हा दहा टक्क्यांचं हायपो यायचं. त्यात एकास नऊ घातलं की एक टक्का द्रावण मिळतं, आणि रक्तासाठी आमच्या मॅन्युअलप्रमाणे तेच लागतं. मधल्या काळात खरेदी विभागाने माल बदलला. पाच टक्क्यांच्या बाटलीतून एक लिटर बनवायचं तर दोनशे मिली हायपो आणि आठशे मिली पाणी, म्हणजे एकास चार. सिस्टर बनवत होती ते अर्धा टक्काच. वास तसाच आणि दिसायलाही तसंच, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

तिचं प्रमाणपत्र खरं होतं. चाचणीत 'प्रमाण किती?' या प्रश्नाला तिने 'एकास नऊ' लिहिलं होतं आणि मीच त्याला पूर्ण गुण दिले होते. चूक तिची कमी, माझ्या प्रश्नाची जास्त. आता मी चाचणीत बाटलीच हातात देते आणि विचारते, यातून एक लिटर बनवायला किती मिली घेशील?

म्हणून विनंती अशी. फाइल बघून झाली की स्टोअरमध्ये जा. हायपोची शेवटची दोन-तीन बिलं काढायला सांगा, टक्केवारी बदललेली दिसली तर ती तारीख प्रशिक्षणाच्या तारखेशेजारी ठेवा. बदलानंतर कुणाला पुन्हा शिकवलं, ते विचारा. मग वॉर्डात जा, आणि शक्य असेल तर रात्रपाळीला. दिवसा आम्ही तुमच्यासमोर कोणती सिस्टर उभी करायची हे आधी ठरवलेलं असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रात्री तिथे तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी एकटी असते. तिला बाटली द्या, मोजमापाचं भांडं द्या आणि द्रावण बनवून दाखवायला सांगा. भांडंच सापडलं नाही, तर तीही नोंद करा.

आपली,
एक इन्फेक्शन कंट्रोल नर्स