कोटेशनमध्ये जीएसटीचा उल्लेख नाही? एकूण रक्कम काढण्याआधी हे विचारा

ठिबक संचाचे कोटेशन हल्ली बहुतेक वेळा मोबाइलवरच येते. त्यात साहित्याची यादी असते आणि खाली एकच आकडा : एकूण ६२,००० रुपये. हा आकडा जीएसटीसह आहे की जीएसटी वेगळा लागणार, याबद्दल एक शब्दही नसतो. शेतकरी तोच आकडा धरून पैशांची जुळवाजुळव करतो आणि बिल हातात आल्यावर चार-सहा हजार रुपये जास्त भरावे लागतात.

हा प्रश्न पूर्वीही होता. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलल्यानंतर तो जास्त महत्त्वाचा झाला आहे. कारण कराबाबत गप्प असलेल्या कोटेशनमधून आता दोन गोष्टी कळत नाहीत : खिशातून नेमके किती जाणार, आणि कमी झालेल्या कराचा फायदा शेतकऱ्याला मिळाला की विक्रेत्याकडेच राहिला.

दर काय बदलले, काय नाही

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीतील निर्णयानुसार ठिबक संच, त्याच्या लॅटरल, तुषार संच आणि त्यांचे नोझल यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टर आणि मशागत, पेरणी, काढणीची बहुतेक यंत्रेही १२ वरून ५ टक्क्यांवर आली.

मात्र शेतीसाठी घेतलेली प्रत्येक वस्तू ५ टक्क्यांत येत नाही. पाण्याचा विजेवर चालणारा मोटारपंप जुलै २०२२ पासून १८ टक्क्यांत आहे आणि तो तिथेच राहिला. वेगळा विकला जाणारा साधा पीव्हीसी पाइपही १८ टक्क्यांत आहे. केवळ ठिबकसाठी बनवलेला भाग सुटा घेतला तरी त्याला ठिबकचाच दर लागतो. पण इतरत्रही वापरता येणाऱ्या सर्वसाधारण भागाला त्याच्या स्वतःच्या वर्गाचा दर लागतो. म्हणून ‘आता सगळ्यावर पाचच टक्के आहे’ असे धरून हिशोब केला तर तो चुकतो.

एकाच आकड्याचे तीन अर्थ

हिशोब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. रकमा समजण्यापुरत्या धरल्या आहेत. एका विक्रेत्याने एक एकरासाठी ६२,००० रुपयांचे कोटेशन दिले. त्यात ठिबकचे साहित्य ४०,००० रुपये, मोटारपंप १४,००० रुपये आणि मुख्य लाइनचा पीव्हीसी पाइप ८,००० रुपये आहे.

पहिला अर्थ : दर करासह आहे. मग देय रक्कम ६२,००० रुपयेच.

दुसरा अर्थ : कर वेगळा आहे आणि शेतकऱ्याने सगळ्यावर ५ टक्के धरले. मग ३,१०० रुपये वाढून ६५,१०० रुपये होतात. हा अंदाज अनेकजण करतात, पण तो बरोबर नाही.

तिसरा अर्थ : कर वेगळा आहे आणि प्रत्येक वस्तूला तिचा दर लावला. ठिबक साहित्यावर ५ टक्क्यांनी २,००० रुपये. पंप आणि पाइप मिळून २२,००० रुपयांवर १८ टक्क्यांनी ३,९६० रुपये. एकूण कर ५,९६० रुपये आणि देय रक्कम ६७,९६० रुपये.

आता दुसऱ्या विक्रेत्याचे कोटेशन पाहू. त्याने त्याच साहित्यासाठी ६५,५०० रुपये सांगितले, पण ‘सर्व करांसह’ असे स्पष्ट लिहिले. वरवर पाहता पहिला विक्रेता ३,५०० रुपयांनी स्वस्त आहे. पण त्याचा दर कर वगळून असेल, तर तोच २,४६० रुपयांनी महाग पडतो. म्हणून दोन कोटेशनची तुलना करण्याआधी दोन्ही रकमा करासह करून घ्याव्यात. एक करासह आणि एक करावाचून, अशी तुलना करून काहीच हाती लागत नाही.

दरकपातीचा फायदा कुठे गेला?

समजा, वरील यादीतील ठिबक साहित्याचे ४०,००० रुपयांचे कोटेशन ऑगस्ट २०२५ मध्ये घेतले होते आणि आता खरेदी करायची आहे. मूळ किंमत तीच राहिली असे धरू.

ते कोटेशन कर वगळून असेल, तर तेव्हा १२ टक्क्यांनी ४४,८०० रुपये द्यावे लागले असते. आता ५ टक्क्यांनी ४२,००० रुपये होतात. म्हणजे २,८०० रुपये वाचले पाहिजेत.

ते कोटेशन करासह असेल, तर ४०,००० मध्येच १२ टक्के कर होता. ४०,००० ला ११२ ने भागून १०० ने गुणले की मूळ किंमत ३५,७१४ रुपये २९ पैसे येते. त्यावर ५ टक्के लावले की नवी रक्कम ३७,५०० रुपये. म्हणजे २,५०० रुपये कमी झाले पाहिजेत.

विक्रेता आजही ‘करासह ४०,०००’ म्हणत असेल, तर त्याने मूळ किंमत ३५,७१४ वरून सुमारे ३८,०९५ रुपये केली, असा त्याचा अर्थ होतो. कच्चा माल महागला असे कारण तो देऊ शकतो आणि ते खरेही असू शकते. पण ‘कर कमी झाला, म्हणून दर तोच ठेवला’ हे उत्तर पटण्यासारखे नाही. मूळ किंमत आणि कर वेगळे लिहिलेले नसतील, तर हा फरक दिसतच नाही.

उलटा हिशोब करताना होणारी चूक

करासह रकमेतून कर किती हे काढताना बरेचजण त्या रकमेचे थेट ५ किंवा १८ टक्के काढतात. ते चूक आहे, कारण कर मूळ किमतीवर लागतो, करासह रकमेवर नाही.

पंप आणि पाइप मिळून २२,००० रुपये करासह असतील, तर २२,००० ला ११८ ने भागून १०० ने गुणावे. मूळ किंमत १८,६४४ रुपये ७ पैसे येते आणि कर ३,३५५ रुपये ९३ पैसे. थेट १८ टक्के काढले तर कर ३,९६० रुपये दिसतो, म्हणजे सुमारे ६०० रुपयांची चूक होते. ५ टक्क्यांच्या वस्तूसाठी १०५ ने भागावे.

आणखी एक गोंधळ पाहायला मिळतो. राज्यातल्या राज्यात खरेदी केली की बिलावर कर दोन ओळींत येतो : सीजीएसटी २.५ टक्के आणि एसजीएसटी २.५ टक्के. दोन्ही मिळून ५ टक्के होतात. १८ टक्क्यांच्या वस्तूला ९ आणि ९ असे येते. परराज्यातील विक्रेत्याकडून माल घेतला, तर आयजीएसटी ही एकच ओळ येते. एकच ओळ पाहून कर निम्मा समजू नये.

कुठे विचारण्याची गरज नाही

सीलबंद पाकिटावर किंवा बाटलीवर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसहच असते. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो छापील किमतीत धरलेला असतो. त्यावर आणखी जीएसटी मागता येत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचा २६६ रुपये ५० पैसे हा दरही करासह आहे. खरा प्रश्न येतो तो मापानुसार तयार होणाऱ्या कोटेशनमध्ये : ठिबक, शेडनेट, पाइपलाइन, अवजारे, पंप.

काही छोटे दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि त्यांच्या बिलावर तसे लिहिलेले असते. नोंदणीच नसलेल्या विक्रेत्यालाही जीएसटी घेता येत नाही. अशा विक्रेत्याने ‘जीएसटी वेगळा’ म्हटले, तर त्याचा नोंदणी क्रमांक आणि बिलाचा प्रकार विचारावा.

कोटेशन घेताना काय लिहून घ्यावे

तोंडी ‘सगळं धरून आहे’ हे पुरेसे नाही. विक्रेत्याला उलट एक मेसेज पाठवावा : “ही रक्कम जीएसटीसह आहे की जीएसटी वेगळा? प्रत्येक वस्तूची मूळ किंमत, एचएसएन क्रमांक, कराचा दर आणि शेवटची देय रक्कम लिहून द्या. वाहतूक आणि जोडणीची मजुरी यात आहे का?” शेवटचा प्रश्न विसरू नये. विक्रेत्याने माल पोहोचवण्याचे भाडे बिलात लावले, तर त्यावरही कर येतो.

उत्तर लेखी आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. उत्तर येईपर्यंत हिशोब करायचाच असेल, तर कर वेगळा आहे असे धरून जास्तीची रक्कम काढून ठेवावी. पण तो अंदाज आहे हे लक्षात ठेवावे.

सूक्ष्म सिंचनाच्या अनुदानात हे विशेष महत्त्वाचे आहे. पूर्वसंमती मिळाल्यावर शेतकरी खरेदी करतो, बिल अपलोड करतो, मोका तपासणी होते आणि नंतर अनुदान खात्यावर येते. अनुदान ठरलेल्या मापदंडानुसार मिळते. कोटेशनपेक्षा बिल वाढले म्हणून ते वाढेलच असे नाही. म्हणून न सांगितलेल्या कराचा बोजा बहुधा शेतकऱ्याच्या हिश्शावरच पडतो. कृषी कर्मचाऱ्यांनी पूर्वसंमतीच्या वेळीच कोटेशन पाहून त्यात कराची ओळ आहे का, हे तपासले तर नंतरची तक्रार टळते.

शेतकरी उत्पादक कंपन्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. कंपनी जीएसटी नोंदणीकृत असेल आणि घेतलेला माल करासह पुढे विकत असेल, तर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट तिला मिळते. तिने दोन विक्रेत्यांची तुलना मूळ किमतीवर करावी. वैयक्तिक शेतकऱ्याला अशी वजावट मिळत नाही. त्याच्यासाठी भरलेला कर हा सरळ खर्चच आहे, म्हणून त्याने नेहमी करासह शेवटची रक्कमच पाहावी.