दोन मिनिटं आणि अठरा इंच

परवा धुळ्याहून पुतण्या आला होता. घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी गिऱ्हाइकांची मापं मोबाईलमध्ये जपून ठेवणारं एक अ‍ॅप त्यानं तयार केलंय. प्ले स्टोअरवर त्यासोबत दोन मिनिटांची चित्रफीत टाकायची होती. तिची संहिता माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "काका, तेवढं मराठी बघून द्या."

सवयीनं लाल पेन घेतलं. सुरुवात होती, "आजच्या डिजिटल युगात शिवणकलेला मिळाली तंत्रज्ञानाची साथ!" मी घड्याळ लावून मोठ्यानं वाचायला बसलो. पुरती तीन मिनिटं लागली. सावकाश, समजेल असं वाचलं तर माझे मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांत दोनशेच्या वर शब्द बसत नाहीत, आणि हात काम करताना दाखवायचे तर दीडशेच पुरेत.

पण खरी गोष्ट पुतण्यानंच सांगितली. स्टोअरच्या पानावर चित्रफीत आपोआप सुरू झाली, तर सुरुवातीचे फार तर ३० सेकंद दिसतात आणि तेही आवाज बंद ठेवून. म्हणजे त्याचं ते "डिजिटल युग" कुणाच्या कानावर पडणारच नव्हतं! मग पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलायचं कशाला? तिथं एक काम पूर्ण होताना नुसतं दिसलं पाहिजे.

कोणतं काम, हे मात्र आमच्या सौ.नी ठरवलं. त्या पस्तीस वर्षं घरी ब्लाउज शिवताहेत, माहेर धुळ्याचंच. पुतण्याच्या चित्रात एक मुलगी आरशासमोर उभी आणि दुसरी तिच्या छातीला टेप लावतेय. सौ. हसल्या. "अशी उभी राहून माप देणारी गिऱ्हाईक महिन्यात किती? बाकीच्या पिशवीत जुना ब्लाउज घालून पाठवतात." मग पडद्यावरच्या 'छाती' या शब्दावर बोट ठेवून त्यांनी अहिराणीत विचारलं, "हाई माप आंगनं शे का ब्लाउजनं?"

पुतण्याला उत्तर देता येईना. सौ.नी मापाचा एक ब्लाउज आणला, हुक लावून चटईवर सपाट पसरला आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरला. १८ इंच. दुप्पट केल्यावर ३६. हे झालं तयार कपड्याचं माप. त्या बाईच्या अंगाचं माप ३४, कारण दोन इंच सैलपणा ब्लाउजमध्ये आधीच धरलेला आहे. अ‍ॅप मात्र लिहिलेल्या प्रत्येक छातीला अंगाचं माप समजून त्यात आपले दोन इंच मिळवत होतं. ३६ लिहिले की कापायला निघाले ३८. चौथा भाग ९ ऐवजी साडेनऊ, आणि ब्लाउज काखेत झोळ मारणार. तो निदान आत घेता येतो. उलट चूक झाली, म्हणजे अंगाचे ३४ तयार माप म्हणून कापले, तर हुकच लागत नाहीत. आत माया सोडली नसेल तर ते कापड गेलंच. गिऱ्हाईक त्याचे पैसे अ‍ॅप बनवणाऱ्याकडे मागायला जात नाही.

माझं मत विचाराल तर चित्रफीत याच प्रश्नापासून सुरू व्हावी. चटई, ब्लाउज, हुक लावणारी बोटं. टेपवरचा १८ चा आकडा जवळून. मग मोबाईलवर दोन ठळक बटणं, 'अंगाचं माप' आणि 'मापाचा ब्लाउज'. दुसरं दाबून १८ लिहिले की खाली उमटावं, 'तयार छाती ३६, सैलपणा धरलेला आहे'. पंचवीस सेकंदांत हे होतं. आवाज नसला तरी शिवणारी बाई थांबेल, कारण तिच्या वहीत हाच घोळ असतो. 'छाती ३६' लिहिलेलं सापडतं, पण कशाची ते सहा महिन्यांनी आठवत नाही.

त्यापुढच्या दीड मिनिटात निवेदन चालेल. दिवाळीच्या गर्दीत जुनं नाव शोधलं की मापाबरोबर ते घेतल्याची तारीखही दिसावी. बाळंतपणानंतर गेल्या वर्षीचं माप उपयोगाचं नसतं, तारीख पाहिली की पुन्हा विचारायचं सुचतं. पावणेसहा इंच कसे लिहायचे तेही एकदा दाखवावं, नाहीतर बायका ५.३ लिहितील, म्हणजे पाच आणि तीन पाव. रंगीत पानं, नक्षी, गिऱ्हाइकाला शुभेच्छा पाठवायची सोय, हे सगळं मी खोडलं. पुतण्याचा चेहरा उतरला, ती सोय त्याची लाडकी होती.

पण चित्रीकरणाआधी अ‍ॅपमध्येच ती दोन बटणं घालावी लागणार होती. नसलेली गोष्ट चित्रफितीत कशी दाखवणार? पुतण्या त्याच संध्याकाळच्या बसनं धुळ्याला गेला. जाताना संहिता टेबलावरच विसरला, चटईवरचा तो ब्लाउज मात्र सौ.ना विचारून घेऊन गेला.