अत्तराच्या पेटीवरची चार वाक्ये

दिवाळी जवळ आली की जळगाव आणि धुळ्यातील पेढ्यांवर भेटवस्तूंची यादी निघते. सुकामेव्याच्या डब्याबरोबर काही ठिकाणी अत्तर आणि धूप यांची छोटी पेटीही दिली जाते. पेटीत एक कार्ड असते आणि त्यावर बहुधा असा मजकूर असतो: ‘मनमोहक सुगंधांचा दरवळ, परंपरेचा अनमोल ठेवा, ऋणानुबंधांचा सुवासिक साज.’ यात चूक काहीच नाही. मात्र हेच वाक्य साबणाच्या, साडीच्या किंवा मिठाईच्या खोक्यावरही तसेच चालेल. पेटी उघडणाऱ्याला त्यातून कोणतीही वस्तू कळत नाही आणि कोणताही दिवस आठवत नाही.

असे कार्ड नीट कसे लिहावे, हे एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, जळगावच्या एका पेढीने ग्राहकांसाठी पेटी तयार करायचे ठरवले आहे. तीत वाळा, मिट्टी आणि हिना या अत्तरांच्या तीन-तीन मिलिलिटरच्या तीन कुप्या आहेत आणि गुग्गुळाच्या धुपाची एक पुडी आहे. कार्डावर चार वस्तूंसाठी चार छोटे मजकूर हवेत. लिहिण्याआधी प्रत्येक वस्तूबद्दल दोन गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत. ती कशापासून झाली, आणि खान्देशातील घरात तो गंध कोणत्या वेळी, कोणत्या जागी येत असे. विशेषणांची गरज बहुधा तेथेच संपते.

पहिली कुपी वाळ्याची. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत माठाच्या पाण्यात वाळ्याच्या मुळ्यांची जुडी टाकण्याची आणि खिडकीला वाळ्याचे ओले पडदे लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. याच दिवसांत अक्षय्य तृतीया येते. खान्देशात ती आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराई बसते. जैन घरांत त्याच दिवशी वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने होते, कारण भगवान ऋषभदेवांचे पारणे याच तिथीला इक्षुरसाने झाले. एकाच दुपारी दोन परंपरांतील माणसे आपापल्या घरी थंडाव्याच्या शोधात असतात. म्हणून कार्डावर ‘शीतल, आल्हाददायक’ असे लिहिण्यापेक्षा ‘आखाजीच्या दुपारी माठातल्या पाण्याला येणारा गंध’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला स्वतःचा माठ दिसतो. पुढची आठवण त्याची त्याने काढायची असते. ‘बालपणीच्या सोनेरी आठवणी’ असे लिहून कार्डाने ते काम आपल्याकडे घेतले, की वाचणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

दुसरी कुपी मिट्टीची, आणि येथे मोह सर्वांत मोठा असतो. ‘खान्देशच्या काळ्या मातीवर पडलेल्या पहिल्या पावसाचा सुगंध’ हे वाक्य कोणालाही चटकन सुचेल. पण ते खरे नाही. हे अत्तर उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे, तिकडच्याच मातीपासून तयार होते. तळ्यातील कोरडी चिकणमाती घेऊन तिचे तुकडे भाजतात. ते तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर घालून झाकण मातीने लिंपून बंद करतात आणि खाली मंद आच ठेवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे थंड पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात, उतरते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते आणि ते मातीचा गंध धरून ठेवते. पाणी वेगळे काढून टाकतात आणि त्याच तेलावर ही क्रिया पुन्हा पुन्हा करतात. कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

तापलेल्या जमिनीवर पाणी पडताच येणाऱ्या गंधाला १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. तो गंध उत्तर प्रदेशातील अत्तरवाल्यांनी त्याआधीपासूनच कुपीत भरून ठेवला होता. मात्र कुपीतला गंध भाजलेल्या मातीचा असतो. ओल्या शेतापेक्षा नव्या मडक्यात पहिल्यांदा पाणी ओतल्यावर येतो, त्याच्याशी तो अधिक जुळतो. म्हणून ‘नव्या माठात पहिले पाणी ओतल्यासारखा’ हे वर्णन नेमके ठरते. कन्नौजचे नाव कार्डावर लिहिण्यात कमीपणा नाही. धुळ्याच्या ग्राहकाला मृगाच्या आधीचे स्वतःचे शेत आठवण्यासाठी माती धुळ्याचीच असावी लागत नाही.

याच कुपीबाबत खरेदीच्या वेळी एक प्रश्न विचारावा लागतो. चंदनाचे तेल फार महाग झाल्यापासून अनेक अत्तरांत त्याऐवजी द्रव पॅराफिनसारखे स्वस्त माध्यम वापरले जाते. ते वापरणे हा गुन्हा नव्हे. मात्र कार्डावर ‘चंदनाच्या तेलात उतरवलेले’ असे छापायचे असेल, तर ते खरे असले पाहिजे. कागदावर थेंब टाकून डाग पाहण्याची जुनी परीक्षा येथे पुरी पडत नाही, कारण चंदनाचे अस्सल तेलही अतिशय सावकाश उडते आणि कागदावर रेंगाळते. मोठी खरेदी असल्यास प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीची तपासणी करून घ्यावी. कन्नौज येथील सुगंध व सुरस विकास केंद्र याच क्षेत्रात काम करते. तपासणी शक्य नसेल, तर कार्डावर माध्यमाचा उल्लेखच करू नये.

तिसरी कुपी हिनाची. नावामुळे पुष्कळांना वाटते की हा मेंदीच्या पानांचा गंध असावा. मेंदीच्या फुलांपासून होते ते गुलहिना. हिना हे मसाले, मुळ्या आणि वनौषधी एकत्र करून बनवलेले उष्ण अत्तर असून प्रत्येक कारखान्याचे त्याचे मिश्रण निराळे असते. वाळा उन्हाळ्यात लावतात, तसे हिना थंडीत. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर कानाच्या पाळीत ठेवलेला अत्तराचा फाया अनेक मराठी घरांत आजही आठवतो. कार्डासाठी तेवढा संदर्भ पुरेसा आहे.

जैन घरात मात्र हिनाबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हिना आणि शमामा यांसारख्या पारंपरिक मिश्रणांत कधी कधी ‘नख’ घातलेले असते. समुद्रातील शंखशिंपल्यांचे कठीण कवच भाजून त्याचा जो धुरकट अर्क काढतात, तो चोया नख. जुन्या मिश्रणांत कस्तुरी आणि अंबर हे प्राणिज पदार्थही असत. नुसत्या वासावरून यांतले काही आहे की नाही, हे सांगता येत नाही, आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या शब्दांनी उत्तर मिळत नाही, कारण शिंपलाही नैसर्गिकच असतो. उत्पादकाकडून ‘नख, कस्तुरी, अंबर नाही’ असे लेखी घ्यावे आणि मगच तेच शब्द कार्डावर छापावेत. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरात ही पेटी गेली, तर त्या घराला सर्वांत आधी हीच माहिती हवी असते.

धुपाच्या पुडीलाही हाच नियम लागू होतो. काही मसाला अगरबत्त्यांत आणि धुपांत मध घालतात, आणि दशांग धुपाच्या काही पाठांत नख असते. काही घरांत बांबूची काडी जाळत नाहीत. नुसत्या गुग्गुळाचे खडे असतील, तर हे प्रश्नच उरत नाहीत, आणि कार्डावर ते दोन शब्दांत सांगता येते.

आता सणांचा उल्लेख. पर्युषणात अत्तराची जाहिरात करू नये, आणि कार्डावर त्या पर्वाचे नावही घालू नये. पौषधात आहाराबरोबर शरीरसत्काराचाही त्याग असतो आणि सुगंधी द्रव्ये त्यातच येतात. उपवास-पौषध करणाऱ्या श्राविकेच्या हाती ‘पर्युषणाचा पवित्र सुगंध’ असे छापलेले कार्ड पडले, तर भेट देणाऱ्याला धर्माचार ठाऊक नाही, एवढेच तिला कळेल. धुपाला सरसकट ‘पूजेचा धूप’ म्हणतानाही विचार करावा. मूर्तिपूजक श्वेतांबर घरांत धूपपूजा अष्टप्रकारी पूजेचा भाग असते; स्थानकवासी घरांत मूर्तिपूजा नसते. शिवाय पेढीचे ग्राहक सर्व धर्मांचे असतात. त्या सर्वांना आपली वाटेल अशी एक वेळ आहे, ती म्हणजे सकाळी दुकान उघडण्याची. तिचाच उल्लेख करावा.

या सर्व विचारांनंतर पेढीचे कार्ड साधारण असे होईल.

‘वाळा : आखाजीच्या दुपारी माठातल्या पाण्याला येणारा गंध.
मिट्टी : कन्नौजची भाजलेली माती. नव्या माठात पहिले पाणी ओतल्यासारखी.
हिना : थंडीचे अत्तर. दिवाळीच्या पहाटे कानात ठेवायच्या फायासाठी. नख, कस्तुरी, अंबर नाही.
धूप : गुग्गुळाचे खडे. मध नाही, बांबू नाही. दुकान उघडताना निखाऱ्यावर चिमूटभर.’

यात ‘मनमोहक’ नाही आणि ‘अनमोल’ही नाही. प्रत्येक ओळीतील विधान तपासता येण्याजोगे आहे, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे वस्तूचे खोटे वर्णन ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. पेटी भेट न देता विकायची असेल, तर तिच्यावर निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत, पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे तपशीलही हवेत. अत्तराच्या बाजारात अजून तोळ्याची भाषा चालते आणि तीन मिलिलिटरची कुपी साधारण पाव तोळ्याची भरते. पेटीवर मात्र मिलिलिटरच लिहावे.

छापण्यापूर्वी हे कार्ड दोघांना वाचून दाखवावे. त्यांतील एक घरातील वडीलधारी व्यक्ती असावी आणि दुसरी नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत राहणारी असावी. ऐकल्यावर त्यांनी ‘छान आहे’ एवढेच म्हटले, तर ओळ बदलावी. त्यांनी कार्ड बाजूला ठेवून आपल्या घरच्या माठाबद्दल किंवा एखाद्या आखाजीबद्दल बोलायला सुरुवात केली, तर ती ओळ तशीच छापायला द्यावी.